बेळगावात नवा फ्लॅट घेतलाय? ट्रॉलीचं माप देण्याआधी गॅसचं ठरवा

फ्लॅटची चावी हातात आली की पहिला माणूस घरात येतो तो ट्रॉलीवाला. तो ओट्याखाली टेप लावतो, डबे आणि भांडी कुठे बसतील ते सांगतो आणि आगाऊ रक्कम घेऊन जातो. गॅसचा विषय निघतो सामान लागल्यावर. तेव्हा कळतं की टाकी जिथे ठेवायची तिथे हवा यायला वाट नाही, किंवा पाइप ज्या भिंतीतून आत यायचा तिच्यावर वरपासून खालपर्यंत कपाट बसलंय. म्हणून गॅस टाकीचा की पाइपचा, हे आधी ठरवायचं आणि मग ट्रॉलीवाल्याला बोलवायचं.

हा लेख बेळगाव शहर आणि आजूबाजूच्या भागात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी आहे. त्यातही जे गडहिंग्लज, चंदगड, कोल्हापूरकडून, म्हणजे राज्याची हद्द ओलांडून येतात, त्यांच्यासाठी. माझी मावसबहीण गडहिंग्लजहून अनगोळच्या एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आली. तिचं सगळं काम मी जवळून पाहिलं, त्यामुळे उदाहरण म्हणून तिचंच घर घेते.

आधी बघा, इमारतीत नक्की काय आहे

बिल्डरच्या माहितीपत्रात ‘पाइप गॅसची सोय’ असं छापलेलं असतं. या तीन शब्दांत तीन वेगवेगळ्या गोष्टी मावतात आणि तिन्हींचा खर्च वेगळा असतो.

पहिली गोष्ट म्हणजे खरा पाइपचा गॅस, जमिनीखालच्या वाहिनीतून येणारा नैसर्गिक वायू. दाभोळहून बंगळूरला जाणारी गेलची मोठी वाहिनी कोल्हापूर आणि बेळगाव जिल्ह्यांतून जाते, ती 2013 मध्ये सुरू झाली. बेळगाव जिल्ह्यात घरोघरी हा गॅस पोचवण्याचं काम मेघा गॅसकडे आहे. पण जिल्ह्याचा परवाना असणं वेगळं आणि आपल्या गल्लीत पाइप पोचणं वेगळं. पुढच्या गल्लीतल्या घरांत मीटर फिरत असतात आणि आपल्या इमारतीच्या दारापर्यंत खोदाईसुद्धा झालेली नसते, असं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे इमारतीच्या आवारात जाळीच्या पिंजऱ्यात मोठ्या टाक्या एका रांगेत जोडून त्यातला एलपीजी प्रत्येक फ्लॅटला पाइपने देणं. स्वयंपाकघरात इथेही पाइप आणि मीटरच दिसतं, म्हणून लोकांना तो नैसर्गिक वायूच वाटतो. प्रत्यक्षात टाकीतला गॅस आणि हा गॅस एकच.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त आढळते. भिंतीला पिवळा पाइप उभा केलेला असतो, पण त्यात गॅसच नसतो. पुढेमागे येईल या भरवशावर बिल्डरने तो लावून ठेवलेला असतो.

यातलं आपल्याकडे काय आहे ते ओळखायला फार वेळ लागत नाही. इमारतीभोवती एक चक्कर मारा. टाक्यांचा पिंजरा दिसला तर ती दुसरी तऱ्हा. पिंजरा नाही, फाटकाजवळ भिंतीला रेग्युलेटरची लहान पेटी आहे आणि रस्त्याकडेला गॅस कंपनीच्या खुणेचे ठोकळे किंवा पाट्या आहेत, तर वाहिनी दारापर्यंत आली आहे. नुसताच पिवळा पाइप वर गेलाय आणि खाली तो टोपण लावून बंद केलाय, तर आत काही नाही. सगळ्यात पक्की खूण म्हणजे एखाद्या शेजाऱ्याचं बिल. कुणाकडे बिल येत असेल तर ते बघायला मागा. त्यावर कंपनीचं नाव, एकक आणि दर तिन्ही असतात.

बहिणीच्या इमारतीत तिसरा प्रकार निघाला. पाइप उभा होता, गॅस नव्हता. सेक्रेटरींना विचारलं तर ते म्हणाले, “ताई, अर्ज जमवून दिलेत आम्ही. वाहिनी कोपऱ्यापर्यंत आलीय. आज येतो, उद्या येतो, असं काही मी तुम्हाला सांगणार नाही.” मला हे उत्तर आवडलं, कारण त्यातून पुढचं सरळ ठरवता आलं. टाकीवर घर सुरू करायचं, पाइपचा अर्ज देऊन ठेवायचा आणि ओट्याची रचना दोन्हींना चालेल अशी करायची. बेळगावात नवा फ्लॅट घेणाऱ्या बऱ्याच जणांना याच वाटेने जावं लागतं, म्हणून पुढचं सगळं याच क्रमाने लिहिते.

जुनं कनेक्शन सोबत आणा, नवं घेऊ नका

गावाकडचं कनेक्शन तसंच ठेवून इथे दुसरं घ्यायचं, असं बरेच जण करायला जातात. एका कुटुंबाला घरगुती गॅसचं एकच कनेक्शन असा नियम आहे आणि आधार जोडलेलं असल्यामुळे दुसरं अडकतं. शिवाय त्यात पैशाचाही तोटा आहे.

अनामत रकमेचा हिशेब बघा. जून 2022 पासून 14.2 किलोच्या एका टाकीची अनामत 2200 रुपये आणि रेग्युलेटरची 250 रुपये झाली. त्याआधी हेच आकडे 1450 आणि 150 होते. बहिणीचं कनेक्शन जुन्या दराचं, दोन टाक्यांचं. म्हणजे तिची जमा अनामत 2900 अधिक 150, एकूण 3050 रुपये. आज तेच कनेक्शन नव्याने घेतलं तर 4400 अधिक 250, म्हणजे 4650 रुपये भरावे लागतात. जुनं कनेक्शन रीतसर बंद करून इथे पुन्हा सुरू केलं की जेवढी अनामत तिकडे परत मिळाली तेवढीच इथे भरायची असते. 1600 रुपये वाचतात आणि कागदही सरळ राहतात.

त्यासाठी गडहिंग्लजच्या एजन्सीत जाऊन ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं. सगळे त्याला टीव्ही म्हणतात. सोबत लागतं ते म्हणजे कनेक्शन घेताना मिळालेलं मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर (एसव्ही), गॅसचं निळं पुस्तक, टाक्या आणि रेग्युलेटर. टाक्या आणि रेग्युलेटर तिथे जमा होतात, अनामत परत मिळते आणि टीव्हीचा कागद हातात येतो. शेगडी आणि नळी आपली, ती आपल्याकडेच राहते. टाकीत उरलेल्या गॅसचे पैसे मिळत नाहीत, म्हणून घर हलवायच्या आधी भरलेली टाकी लावू नका. बहिणीने शेवटचे काही दिवस एकाच टाकीवर काढले आणि दुसरी रिकामीच ठेवली.

एसव्ही हरवलेलं असेल तर एजन्सीत आधी तसं सांगा. बहुतेक ठिकाणी प्रतिज्ञापत्र घेऊन काम होतं, पण त्याला एक फेरी जास्त पडते. सामानाचा टेंपो दारात उभा असताना ही गोष्ट कळायला नको.

बेळगावातल्या बेळगावात, म्हणजे टिळकवाडीतून अनगोळला किंवा शहापुरातून हिंदवाडीला आलात आणि कंपनी तीच असेल, तर टाक्या जमा करायची गरज नाही. जुन्या एजन्सीकडून कनेक्शन नव्या एजन्सीकडे वळवून घ्यायचं आणि टाक्या टेंपोतून आपल्याच आणायच्या. उभ्या ठेवून, आडव्या करून नव्हे.

इथल्या एजन्सीत कुठले कागद चालतात

टीव्ही, आधार आणि पत्त्याचा पुरावा, एवढ्यावर काम व्हायला हवं. घोळ होतो तो पत्त्याच्या पुराव्यावर. आधारवर गडहिंग्लजचा पत्ता असतो आणि हेस्कॉमचं वीज बिल अजून बिल्डरच्या नावावर असतं. मग उरतो फ्लॅटचा नोंदणी झालेला दस्त. त्याची पहिली काही पानं, ज्यात तुमचं नाव आणि फ्लॅटचा क्रमांक आहे, आणि महापालिकेच्या घरपट्टीची पावती किंवा खाता उतारा, एवढं घेऊन जा. शहराबाहेरच्या नव्या इमारती अजून ग्रामपंचायतीत असतात. तिथे ई-स्वत्तूचा उतारा, म्हणजे फॉर्म 9 आणि 11, मिळतो. तोही मालकीचा पुरावाच आहे.

दस्त आणि उतारा कन्नडमध्ये असतात. तुम्हाला ते वाचता येत नसतील तर कार्यालयातून बाहेर पडण्यापूर्वीच कुणाकडून तरी नाव आणि फ्लॅट क्रमांक वाचून घ्या. आधारवरचं नाव मराठी वळणाचं, उताऱ्यावरचं कन्नड वळणाचं आणि इंग्रजीत तिसरंच, असं झालं की संगणकावर नोंद करणारा मुलगा थांबतो. बहिणीच्या सासऱ्यांचं नाव उताऱ्यावर एका अक्षराने वेगळं पडलं होतं. एजन्सीतल्या मुलाला ती म्हणाली, “दादा, आधारवरचंच नाव घाला. गॅसचं पुस्तक आधारप्रमाणे आणि उतारा फक्त पत्त्यापुरता.” त्याने तसंच केलं आणि काम पुढे गेलं. त्याच वेळी आधारचं बोटाचं ई-केवायसी करून घ्या आणि जो मोबाइल घरी असतो त्याचाच क्रमांक नोंदवा. गावाकडे राहणाऱ्या आजोबांचा क्रमांक दिलात तर टाकी आल्यावर लागणारा कोड त्यांच्या फोनवर जाईल.

ओट्याखाली टाकी कशी बसते

आता ट्रॉलीवाल्याला बोलवा. 14.2 किलोच्या टाकीची उंची साधारण 63 सेंटीमीटर आणि रुंदी 32 सेंटीमीटर असते. वर रेग्युलेटर बसतो आणि तो लावायला, काढायला हात जायला हवा. म्हणून नुसत्या टाकीच्या मापाचा कप्पा करू देऊ नका. टाकी बाहेर न ओढता रेग्युलेटरची चावी बंद करता आली पाहिजे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हवा. एलपीजी हवेपेक्षा जवळपास दुप्पट जड असतो. गळला तर तो वर न जाता पाण्यासारखा खाली साचतो, फरशीवर पसरतो आणि सखल जागा शोधतो. म्हणून टाकीच्या कप्प्याच्या दाराला खाली, अगदी फरशीलगत, जाळी किंवा फटी हव्यात आणि वरही थोड्या हव्यात. चकचकीत दाराला भोकं शोभत नाहीत म्हणून ट्रॉलीवाला ती टाळतो. तिथे ऐकून घेऊ नका. त्याच कारणाने टाकी सिंकखाली नहाणी ट्रॅपजवळ ठेवायची नाही, कारण साचलेला गॅस त्या भोकातून खालच्या नळीत उतरतो. कप्प्यात प्लगची पेटी, मिक्सरचं बोर्ड किंवा पाणी शुद्ध करायच्या मशीनची वायर असू नये. टाकी नेहमी उभी आणि शेगडीपेक्षा खाली.

काही बिल्डर टाकी मागच्या लहान गॅलरीत ठेवायची सोय देतात आणि ओट्याकडे यायला भिंतीत भोक पाडून ठेवतात. कल्पना चांगली आहे, पण रबरी नळी त्या भोकातून ओढू नका. भिंतीत लपलेली नळी चिरली तर दिसत नाही, उंदराने कुरतडली तरी दिसत नाही. भिंतीतून धातूचा पाइप न्यावा आणि दोन्ही टोकांना नळीचा लहान तुकडा सगळा डोळ्यांसमोर राहील असा जोडावा. हे काम एजन्सीच्या मेकॅनिककडून करून घ्या. नळी आयएसआय शिक्क्याची, आतून तार विणलेली भगवी सुरक्षा नळीच घ्या. ती पाच वर्षांनी बदलायची असते. छापलेली तारीख दिसेल अशी ती बसवून घ्या.

पुढे पाइपचा गॅस यायचा आहे, म्हणून शेगडीच्या बाजूची बाहेरची भिंत ओट्यापासून थोड्या उंचीपर्यंत मोकळी ठेवा. मीटर गॅलरीत बसेल आणि तिथून पाइप आत येईल. त्या वाटेवर कपाट नको. गॅस कंपन्या पाइप उघडाच ठेवायला सांगतात, टाइलखाली गाडू देत नाहीत. बहिणीने त्या भिंतीवर वरचं कपाट चार बोटं आखूड केलं. एवढ्यावर भागलं.

टाकी दारात आल्यावर

बुकिंग फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा अ‍ॅपवर होतं. बुकिंग झालं की मोबाइलवर कोड येतो आणि टाकी आणणाऱ्याला तो सांगितल्यावरच पोचवणी नोंदली जाते. टाकी हातात येण्याआधी फोनवर कुणालाही कोड सांगू नका. कोड गेला आणि टाकी आली नाही, तर नोंदीत ती पोचलेली दिसते.

दारात तीन गोष्टी बघायच्या. सील शाबूत आहे का? वजन बरोबर आहे का? आणि टाकीच्या तपासणीची तारीख उलटलेली नाही ना?

वजन असं मोजायचं. टाकीच्या कड्यालगत रिकाम्या टाकीचं वजन रंगवलेलं असतं, समजा 15.7. त्यात 14.2 मिळवले की भरलेली टाकी 29.9 किलो भरायला हवी. पोचवणाऱ्याकडे काटा असायलाच हवा आणि तुम्ही मागितला तर त्याने वजन करून दाखवायचं असतं. तपासणीची तारीख कड्याच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे अशी लिहिलेली असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘बी-28’ लिहिलं असेल तर जून 2028 पर्यंत ती टाकी वापरात चालते. तारीख उलटलेली टाकी परत पाठवा.

मग टोपण काढून तोंडावर साबणाच्या पाण्याचे थेंब टाका. बुडबुडे आले तर आतली रबरी चकती नीट बसलेली नाही. हे काम पोचवणाऱ्याच्या समोर करायचं, तो जिना उतरून गेल्यावर नाही. काडी पेटवून गळती शोधायची सवय अजून काही घरांत आहे. ती मोडा.

बिलावरची रक्कम घरपोच सेवा धरूनच असते. तिसऱ्या मजल्याचे वेगळे तीस-चाळीस रुपये द्यायचं बंधन नाही. लिफ्ट बंद असताना कुणी टाकी खांद्यावरून वर आणली आणि तुम्ही आपणहून काही दिलंत, तर ती वेगळी गोष्ट. पण मागणी म्हणून आली तर पावती मागा आणि बिलात नसेल तर नाही म्हणा.

पाइप आला, आता स्वस्त काय पडेल?

इमारतीत गॅस सोडल्याची चिठ्ठी सूचना फलकावर लागली की प्रत्येक घरात एकच चर्चा सुरू होते. याला एक साधा हिशेब आहे. 14.2 किलोच्या टाकीत जेवढी उष्णता असते तेवढी मिळायला नैसर्गिक वायू साधारण 17 ते 18 घनमीटर लागतो. मीटरचं एक युनिट म्हणजे एक घनमीटर. म्हणून तुमच्या टाकीच्या भावाला 17.5 ने भागा. समजा टाकी 910 रुपयांना मिळते. 910 भागिले 17.5 म्हणजे 52. पाइपच्या गॅसचा कर धरून दर 52 रुपयांच्या खाली असेल तर पाइप स्वस्त, वर असेल तर टाकी. नैसर्गिक वायूवर जीएसटी नसून राज्याचा व्हॅट असतो, म्हणून कोल्हापूरच्या नातेवाइकाचा दर इथे लावू नका. बेळगावचंच बिल बघा. बिलात काही ठरावीक आकारही असू शकतो, तो हिशेबात धरा.

बहिणीची टाकी 40 दिवस जाते. म्हणजे 40 दिवसांत 17.5 युनिट, तर दोन महिन्यांत साधारण 26 युनिट. तिच्या मीटरवर दोन महिन्यांत याच्या बरंच वर आकडा दिसला, तर कुठेतरी गळती आहे किंवा आकडा चुकून वाचलाय.

आवारातल्या टाक्यांच्या पिंजऱ्यातून गॅस येत असेल तर मात्र हा हिशेब चालत नाही. एलपीजीचा एक घनमीटर नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरपेक्षा कितीतरी जास्त उष्णता देतो. 14.2 किलोच्या टाकीतून त्याचे साधारण 6 घनमीटरच होतात. म्हणून तिथे युनिटचा दर दुपटी-तिपटीने मोठा दिसला तर घाबरू नका, आणि तो लहान वाटला म्हणून खूशही होऊ नका. टाकीचा भाव 6 ने भागून बघा. त्या इमारतीत फ्लॅट घेताना दर कोण ठरवतो, पिंजऱ्याची तपासणी कोण करतो आणि गॅस संपला तर जबाबदारी कोणाची, हे सोसायटीकडून लेखी घ्या.

जोडणीच्या दिवशी

अर्जासोबत आधार, मालकीचा कागद, हेस्कॉमचं बिल आणि सोसायटीची ना हरकत एवढं लागतं. भरलेल्या रकमेतली परत मिळणारी अनामत किती आणि न मिळणारं शुल्क किती, हे पावतीवर वेगळं लिहून घ्या. ठरावीक मीटर पाइप योजनेतच असतो, त्यापुढे दर मीटरला पैसे पडतात. मोजणीला माणूस येतो तेव्हा घरी थांबा. पाइपची वाट तेव्हाच ठरते आणि दोन-तीन मीटरचा फरक तिथेच पडतो.

जोडणीच्या दिवशी पाइपमध्ये आधी हवा भरून दाब धरून ठेवतात आणि काटा खाली येत नाही ना ते बघतात. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावतात. मीटरमागचा, हात न पोचणारा सांधा कधीकधी तसाच राहतो. तो आवर्जून दाखवायला सांगा. मग मीटरचा क्रमांक आणि सुरुवातीचा आकडा कागदावर लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढा.

शेगडीचं काम मात्र समजून घ्यायला हवं. टाकीचा रेग्युलेटर साधारण 30 मिलिबार दाबाने गॅस सोडतो, तर पाइपचा गॅस शेगडीपाशी 21 मिलिबारने येतो. त्यात नैसर्गिक वायूत घनमीटरमागे उष्णता कमी. म्हणून तेवढीच आच मिळायला बर्नरच्या जेटचं भोक मोठं लागतं. कंपनीचा मेकॅनिक जेट बदलतो किंवा मोठं करून देतो. ते न करता टाकीचीच शेगडी पाइपला लावली तर ज्योत बारीक राहते आणि भाकरी फुगत नाही. याच्या उलट, जेट मोठं केलेली शेगडी परत टाकीला लावली तर ज्योत उंच, पिवळी होते, भांड्यांची बुडं काळी पडतात आणि आच अंगावर येण्याचा धोका असतो. म्हणून गावाकडे शेगडी पाठवायचा विचार असेल तर जेट पुन्हा बदलून मगच पाठवा. काचेच्या नव्या शेगड्यांत जेट आत बसलेलं असतं आणि सगळ्यांचं काम तिथल्या तिथे होत नाही. नवी शेगडी घ्यायचीच असेल तर पाइप गॅससाठी चालते असं तिच्यावर छापलेली घ्या.

जोडून झालं की सगळे बर्नर एकेक करून पेटवून बघा. ज्योत निळी, स्थिर आणि बर्नरला चिकटलेली हवी. टोकं पिवळी असतील तर हवा कमी पडतेय किंवा बर्नर घाण आहे. ज्योत बर्नरपासून उडत असेल, फडफडत असेल तर हवा जास्त आहे. मेकॅनिक जाण्यापूर्वी मंद आचेवर दूध ठेवून बघा. भाजीला लागणारी मोठी आच लवकर जमते, मंद आच विझणं हे जेट चुकल्याचं लक्षण आहे.

वास आला तर

दोन्ही गॅसला मुद्दाम उग्र वास घातलेला असतो. वास आला की बटण दाबायचं नाही, ना चालू करायचं ना बंद. पंखा चालू असेल तर चालू राहू द्या. टाकी असेल तर रेग्युलेटर बंद करून टोपण लावा. पाइप असेल तर मीटरजवळची चावी आडवी करा. तिची दांडी पाइपच्या रेषेत असली की चालू आणि पाइपला काटकोनात आली की बंद. हे घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा, एकदा हाताने करून दाखवा.

नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, तो छताकडे जमतो. त्यामुळे पाइप असलेल्या घरात वरची खिडकी किंवा झरोका उघडा हवा आणि टाकी असलेल्या घरात दार आणि खालची वाट. बेळगावच्या पावसाळ्यात गार वाऱ्याला वैतागून आपण सगळं बंद करून घेतो आणि वरच्या झरोक्याला पुठ्ठा लावतो. पाइपचा गॅस घेतल्यावर तो पुठ्ठा काढायचा. माणसं बाहेर काढून फोन बाहेरूनच करायचा. टाकीच्या गळतीसाठी 1906 हा क्रमांक देशभर चालतो, पाइपसाठी बिलावर कंपनीचा तातडीचा क्रमांक असतो. दोन्ही दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

पाइप सुरू झाल्यावर टाकीचं काय

पाइपचा घरगुती गॅस घेतल्यावर घरगुती टाकीचं कनेक्शन चालू ठेवायचं नसतं. वेळप्रसंगी असू दे म्हणून भरलेली टाकी माळ्यावर किंवा गॅलरीत कपड्यांच्या ढिगाखाली ठेवणं धोक्याचं, नियमाबाहेरचंही. गडहिंग्लजला केलं तेच इथल्या एजन्सीत करायचं. टाक्या आणि रेग्युलेटर जमा, अनामत परत, टीव्हीचा कागद हातात. बहिणीला 3050 रुपये परत मिळाले. तो कागद तिने फ्लॅटच्या दस्ताच्या फाइलमध्येच लावलाय. उद्या जावईबापूंची बदली जिथे पाइप नाही अशा गावी झाली, तर कनेक्शन त्याच कागदावर पुन्हा सुरू होईल.